ट्यूबवर "स्टिरॉइड" हा शब्द मराठीत आणि मोठ्या अक्षरात छापा

मी इचलकरंजीत एका मेडिकलच्या काउंटरवर गेली अकरा वर्षं उभी आहे, डी.फार्म झाल्यापासून. आमच्याकडे यंत्रमागाचं गाव, दिवसरात्र माग चालतात, आत उकाडा, कापसाची धूळ, घाम, आणि बारा-बारा तास त्याच कपड्यात काम, त्यामुळे गजकर्ण, जांघेतली खाज, काखेतले चट्टे हे आमच्याकडे सर्दी-पडशासारखं कायम असतं. दिवसाला निदान सात-आठ जण तरी येऊन हळू आवाजात म्हणतात, ताई, ती खाजेची ट्यूब द्या. नाव बऱ्याचदा माहीत नसतं, फक्त रंग सांगतात. "ती निळ्या पट्टीची." "मागच्या वेळी दिलेली, दोन दिवसात आराम पडलेली."

ह्या "दोन दिवसात आराम" बद्दलच मला लिहायचंय.

मागच्या उन्हाळ्यात एक मुलगा आला, बावीस-तेवीसचा असेल, मागावर काम करणारा. हातात पार पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब. म्हणाला, हीच द्या पण दोन द्या, एक आता पुरत नाही. मी विचारलं कधीपासून लावतोस, तर म्हणाला गणपतीच्या आधीपासून. म्हणजे सात-आठ महिने झाले होते. आठवड्याला एक ट्यूब, 15 ग्रॅमची. सात महिन्यांच्या सरासरी तीस आठवड्यांचा हिशोब केला तर 450 ग्रॅम मलम त्याने जांघेत आणि पोटावर चोळलं होतं. मी ट्यूब उलटी केली. मागे बारीक अक्षरात, म्हणजे मला चष्मा असूनही ट्यूबलाइटखाली धरून वाचावं लागलं इतक्या बारीक, लिहिलं होतं: क्लोबेटासोल प्रोपिओनेट 0.05 टक्के, ऑफ्लॉक्सासिन 0.75 टक्के, ऑर्निडाझोल 2 टक्के, टर्बिनाफिन 1 टक्का.

ह्या चार नावांचा अर्थ आपण जरा सावकाश बघू, कारण बाजारातल्या निम्म्या गोंधळाची चावी इथेच आहे.

टर्बिनाफिन हे बुरशी मारणारं औषध, म्हणजे अँटिफंगल. त्या मुलाला गजकर्ण होतं, गजकर्ण बुरशीमुळे होतं, म्हणजे चारातलं हे एकच त्याच्या कामाचं. ऑफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, जिवाणूंवर चालतं, जखमेत पू झाला तर उपयोग, बुरशीला ते काहीच करत नाही. ऑर्निडाझोल हेसुद्धा काही प्रकारच्या जिवाणूंवर आणि अमिबासारख्या जंतूंवर चालणारं, गजकर्णावर त्याचं काम काय हे मला अकरा वर्षांत कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. आणि पहिलं नाव, क्लोबेटासोल. ते स्टिरॉइड आहे, आणि साधंसुधं नाही, कातडीला लावायच्या स्टिरॉइडमध्ये जे सगळ्यात वरच्या ताकदीचे मोजले जातात त्यातलं. दोन दिवसात आराम पडला तो ह्याच्यामुळे. स्टिरॉइड लाली घालवतं, खाज थांबवतं, चट्टा बसल्यासारखा दिसतो. पण ते हे कसं करतं तर कातडीची स्वतःची लढायची ताकद दाबून. खाज आणि लाली म्हणजे शरीर बुरशीशी भांडत होतं त्याची खूण, ते भांडणच बंद पाडलं. बुरशी तिथेच राहते आणि आता तिला अडवणारं कोणी नाही, म्हणून ती खालून पसरत जाते. ट्यूब बंद केली की चार दिवसांत दुप्पट जागेवर वर येते, माणूस घाबरून परत तीच ट्यूब लावतो, परत आराम. त्याला वाटतं ट्यूब चांगली आहे पण रोग हट्टी आहे.

मी त्याला विचारलं, चट्टा आधी कसा होता आणि आता कसा आहे? त्याने जे सांगितलं ते त्वचेच्या डॉक्टरांना रोज ऐकायला मिळतं. आधी गोल होता, कडेला लाल उंचवटा आणि मधे साफ. आता कडा दिसतच नाही, नुसता तपकिरी डाग पसरलाय, कुठे वर्तुळात वर्तुळ झालंय. ह्या ओळख हरवलेल्या गजकर्णाला डॉक्टर लोक टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात, म्हणजे वेष पालटलेलं गजकर्ण. आणि जांघेत, म्हणाला, फाटल्यासारख्या रेघा आल्यात. बाळंतपणानंतर बायकांच्या पोटावर येतात तशा, पण लालसर-जांभळ्या आणि रुंद. त्या स्टिरॉइडने कातडी आतून पातळ झाल्याच्या रेघा. रंग पुढे फिका पडतो, पांढरट होतो, पण रेघ जात नाही. जांघ, काख, चेहरा, पापण्या, गुप्त भाग इथली कातडी पातळ असते किंवा घडी पडून झाकली जाते, त्यामुळे तिथे औषध जास्त शोषलं जातं, हाताच्या कोपराला जेवढं लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. क्लोबेटासोलबद्दल नियम असा आहे की सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नाही, आठवड्याला 50 ग्रॅमच्या वर नाही, आणि चेहरा, जांघ, काख इथे नाहीच. ह्या पोराने सात महिने लावलं, नेमकं जिथे लावायचं नाही तिथे.

आता मुद्दा असा आहे की ट्यूबवर खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं. चारही नावं होती, टक्केवारी होती, लाल अक्षरात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असंही होतं. कायद्याने जे छापायला सांगितलंय ते सगळं छापलं होतं. आणि तरी बारावी नापास पण इंग्रजी अक्षरं वाचू शकणाऱ्या त्या मुलाला आपण सात महिने स्टिरॉइड लावतोय हे कळलं नाही, कारण "स्टिरॉइड" हा शब्द त्या ट्यूबवर कुठेही नव्हता! औषधाचं नाव छापणं सक्तीचं आहे, ते औषध कुठल्या जातीचं हे समोर ठळक छापणं सक्तीचं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हे बदला. ज्या मलमात स्टिरॉइड आहे त्याच्या ट्यूबवर पुढच्या बाजूला, ब्रँडच्या नावाइतक्या मोठ्या अक्षरात, त्या राज्याच्या भाषेत, आपल्याकडे मराठीत, "यात स्टिरॉइड आहे" असं छापा, आणि खाली दोन ओळी, कुठे लावायचं नाही आणि किती दिवसांच्या वर नाही.

कोणी म्हणेल नावं वाचायला शिकवा लोकांना. शिकवायलाच हवं, आणि मी काउंटरवर रोज शिकवते, ते थोडक्यात इथेही सांगते, पण त्यातूनच कळेल की हे एकट्या गिऱ्हाइकावर सोडून का चालत नाही.

ट्यूब उलटी करायची, "कॉम्पोझिशन" असं लिहिलेलं शोधायचं. तिथली ज्या नावापुढे टक्का आहे ती औषधं. खाली "क्रीम बेस" असतो आणि "क्लोरोक्रेसॉल" वगैरे लिहिलेलं असतं ते मलम टिकावं म्हणून घातलेलं, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. मग नावाचं शेपूट बघायचं. शेवट "सोन" असेल, बेटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, हायड्रोकॉर्टिसोन, तर स्टिरॉइड. शेवट "सोलोन" किंवा "नोलोन" असेल, फ्लुओसिनोलोन, ट्रायॅमसिनोलोन, तर स्टिरॉइड. डेसोनाइड, फ्लुओसिनोनाइड असा "नाइड" आला तरी स्टिरॉइड. क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल, शेवट "टासोल", स्टिरॉइड आणि तेही सगळ्यात जोरदार. त्याच्यापुढे प्रोपिओनेट, व्हॅलरेट, डायप्रोपिओनेट, फ्युरोएट असं काही जोडलेलं असतं ते त्याच औषधाचं रूप, वेगळं औषध नाही. अँटिफंगलचा शेवट बहुतेक "कोनाझोल" असतो, केटोकोनाझोल, मिकोनाझोल, लुलिकोनाझोल, आणि ह्या सुराला न बसणारी दोन नावं पाठच करायची, क्लोट्रिमाझोल आणि टर्बिनाफिन. अँटिबायोटिक म्हणजे "मायसिन" किंवा "फ्लॉक्सासिन", निओमायसिन, जेंटामायसिन, नॅडिफ्लॉक्सासिन, आणि वेगळी दिसणारी म्युपिरोसिन आणि फ्युसिडिक अ‍ॅसिड.

सोपं वाटतं ना? आता ह्यातले खड्डे बघा. क्लोबेटासोल आणि क्लोट्रिमाझोल. दोन्ही "क्लो" ने सुरू, एक "सोल" ला संपतं एक "झोल" ला, इंग्रजीत बारीक अक्षरात दोन्ही शेजारी शेजारी छापलेली असली तर माझीसुद्धा नजर चुकलेली आहे. आणि एक स्टिरॉइड आहे, दुसरं अँटिफंगल, म्हणजे एक आग झाकणारं आणि एक विझवणारं. तसंच ऑर्निडाझोल, मेट्रोनिडाझोल ह्यांचा शेवटही "झोल" आहे पण ती बुरशीवरची नाहीत. मग ब्रँडच्या नावापुढची शेपटं. एकाच नावाच्या चार ट्यूबा असतात, एकीपुढे काही नाही, एकीपुढे "एन", एकीपुढे "जीएम", एकीपुढे "एस". "एन" म्हणजे बहुतेक निओमायसिन, "जीएम" म्हणजे जेंटामायसिन आणि मिकोनाझोल, "एस" म्हणजे सॅलिसिलिक अ‍ॅसिड. गिऱ्हाईक नुसतं पहिलं नाव सांगतं, शेपूट विसरतं, आणि रॅकमध्ये शेजारी असलेली ट्यूब त्याच्या हातात जाते. डॉक्टरने साधं अँटिफंगल लिहिलेलं असतं आणि घरी जाते ती स्टिरॉइडवाली, खोक्याचा रंग तोच, नावाचा पहिला भाग तोच.

आणि सगळ्यात मोठा खड्डा टक्क्यांचा. लोक म्हणतात अहो ताई ह्यात 0.05 टक्केच आहे, त्या दुसऱ्यात 1 टक्का आहे, मग हेच सौम्य ना? उलटं आहे. 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सगळ्यात सौम्य स्टिरॉइडपैकी आणि 0.05 टक्का क्लोबेटासोल हे सगळ्यात जोरदारपैकी. टक्का म्हणजे मलमात औषध किती मिसळलंय ते, औषधात दम किती ते नाही. त्यातही 0.05 टक्के डेसोनाइड सौम्य आहे आणि 0.05 टक्के क्लोबेटासोल जहाल. तोच आकडा, तीच जागा. मिरचीसारखं आहे, लवंगीची अर्धी फोडणीला टाकली तरी ठसका लागतो आणि भज्यांच्या मिरच्या चार खाल्ल्या तरी काही होत नाही. हे ट्यूब वाचून कोणालाही कळणं शक्य नाही, फार्मसीच्या पोराला पण पुस्तक बघावं लागतं.

म्हणून मी म्हणते की शेपटं पाठ करून घ्या हे ठीक, पण गिऱ्हाइकाने पाठांतर करावं म्हणून लेबल तसंच ठेवायचं हे चुकीचं आहे.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. मार्च 2018 मध्ये आणखी 14 स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एच मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत आणली, त्याआधी त्यांना वरून लावायचं म्हणून सूट होती आणि ती चिठ्ठीशिवाय उघड विकता यायची. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 328 मिश्रण औषधांवर बंदी आली त्यात स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि अँटिफंगल एकत्र कालवलेली बरीच मलमं होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या देशपातळीवरच्या संघटनेने, आयएडीव्हीएलने, ह्यासाठी वेगळी टास्क फोर्स काढून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला म्हणून हे झालं. पण बंदी असते ठराविक मिश्रणावर. एक घटक बदलला की ते नवं मिश्रण. क्लोबेटासोलच्या जागी बेक्लोमेथासोन आलं, मिकोनाझोलच्या जागी दुसरं आलं, ट्यूब परत काउंटरवर. आणखी एक गोष्ट 2018 मध्येच झाली, औषधाचं खरं नाव ब्रँडपेक्षा दोन फाँट मोठं छापायचा नियम आला. चांगला नियम. पण तीन किंवा त्याहून जास्त औषधांचं मिश्रण असलं की तो लागत नाही. म्हणजे जिथे नाव मोठं दिसायची सगळ्यात जास्त गरज, तिथेच सूट. त्या मुलाची ट्यूब चार औषधांची होती.

आणि चिठ्ठीचा नियम. मी काउंटरच्या आतली आहे म्हणून खोटं बोलणार नाही, तो पाळला जात नाही. मीही सुरुवातीची तीन-चार वर्षं दिल्यात अशा ट्यूबा, चिठ्ठी न विचारता, मालक म्हणायचे अगं मलम तर आहे, पोटात घ्यायचं थोडंच आहे. त्या काळात मी कोणाकोणाच्या हातात काय दिलं ते आता आठवून त्रास होतो. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं आणि तिथून घेतं. गावातले कितीतरी डॉक्टर पण हीच ट्यूब लिहितात कारण एकात सगळं आलं, काय आहे ते तपासायची गरज नाही, बुरशी असो, जिवाणू असो, अ‍ॅलर्जी असो, पेशंट दोन दिवसांत खूश. मग फक्त दुकानदाराला किंवा फक्त डॉक्टरला धरून उपयोग नाही. चिठ्ठी हा एक दरवाजा आहे आणि तो उघडाच राहतो. ट्यूब मात्र घरी जाते, तिथे बायको बघते, भाऊ बघतो, तिच्यावर लिहिलेलं घरात सगळ्यांसमोर राहतं. आणि घरात ट्यूब एकाची राहत नाही. मुलग्याची जांघेतली ट्यूब आईने बाळाच्या नॅपीच्या लालीला लावलेली मी ऐकलीये, नॅपीखाली तर झाकलं गेल्यामुळे शोषण आणखी वाढतं. ताईच्या खाजेची ट्यूब धाकटीने पिंपल्सला लावली, चार दिवस चेहरा चकचकीत गोरा, चार महिन्यांनी लालबुंद, केस उगवलेले, उन्हात गेलं की आग आग, आणि ट्यूब सोडली की आणखी आग. चेहऱ्याच्या ह्या हालतीला आपल्याकडच्याच डॉक्टरांनी नाव दिलंय, स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा. वांगावर लावायच्या तीन औषधांच्या क्रीममध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन यांच्याबरोबर मोमेटासोन असतं, तेही लोक गोरं व्हायची क्रीम म्हणून वर्षभर लावतात. तिच्यावर पण स्टिरॉइड हा शब्द पुढे दिसत नाही.

आता ह्याच्या विरोधात जे बोललं जातं ते मला मनापासून महत्त्वाचं वाटतं म्हणून त्यावर थांबते. एक त्वचेच्या डॉक्टर मॅडम मला म्हणाल्या, तू म्हणतेस तसं मोठ्या अक्षरात छापलं तर ज्यांना स्टिरॉइड खरंच हवंय ते पण घाबरून लावणार नाहीत. आणि हे खरं आहे, माझ्या मावसबहिणीच्या घरात झालंय. तिच्या दीड वर्षाच्या लेकाला एक्झिमा, कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत. डॉक्टरांनी डेसोनाइड दिलं, सौम्य, दिवसातून एकदा, ठराविक दिवस. हिने व्हॉट्सअ‍ॅपवर कुठेतरी वाचलं की स्टिरॉइडने मुलाची वाढ खुंटते, आणि ट्यूब फ्रिजवर ठेवून दिली. नुसतं खोबरेल लावत राहिली. पोराने खाजवून खाजवून कातडी सोलली, त्यात पू झाला, ताप आला, मग अँटिबायोटिक तोंडातून द्यावं लागलं. तिथे स्टिरॉइड हेच बरोबर औषध होतं आणि न लावणं हीच चूक.

पण ह्यातून मला उलटा अर्थ दिसतो. लेबलवर नुसता "स्टिरॉइड" शब्द टाकून, शेजारी लाल कवटी काढून भागणार नाही, त्याची ताकद लिहिली पाहिजे. सौम्य, मध्यम, जोरदार, अतिजोरदार. ब्रिटनमध्ये हेच ठरलंय, तिथल्या औषध नियंत्रकांनी, एमएचआरएने, मे 2024 मध्ये जाहीर केलं की कातडीच्या स्टिरॉइड मलमांवर ताकद किती ते शब्दांत लिहायचं. माझ्या बहिणीच्या हातातल्या ट्यूबवर "सौम्य स्टिरॉइड, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस लावा" असं मराठीत असतं तर तिने फ्रिजवर ठेवली नसती असं मला वाटतं, आणि त्या मुलाच्या ट्यूबवर "अतिजोरदार स्टिरॉइड, चेहरा आणि जांघेत नको, गजकर्णावर नको, दोन आठवड्यांच्या वर नको" असतं तर त्याने दुसऱ्याच आठवड्यात कोणाला तरी विचारलं असतं. भीती माहिती न मिळाल्याने वाढते. आज लोकांना स्टिरॉइड हा शब्द कळतो, करोनाच्या वेळी घराघरात पोहोचला तो. तो शब्द ट्यूबवरच नाही एवढंच.

दुसरा आक्षेप, खेड्यात त्वचेचा डॉक्टर नाही, तालुक्याला जायला एक दिवसाची मजुरी बुडते, मग हीच ट्यूब बंद केली तर गरिबाने काय लावायचं? ह्याचं उत्तर आहे आणि ते महाग नाही. नुसत्या अँटिफंगलची ट्यूब, स्टिरॉइड नसलेली, त्याच रॅकमध्ये असते. फक्त ती दोन दिवसांत आराम देत नाही आणि लावायची पद्धत वेगळी आहे, चट्ट्याच्या कडेच्या बाहेर दोन बोटं जागेपर्यंत लावायची, आणि चट्टा दिसेनासा झाला तरी पुढे निदान दोन आठवडे चालू ठेवायची, म्हणजे एकूण महिनाभर धरा. लोक चौथ्या दिवशी सोडतात. कपडे, टॉवेल वेगळे, घरात ज्याला ज्याला खाज आहे त्या सगळ्यांवर एकत्र उपचार. हे सांगायला काउंटरवर तीन मिनिटं लागतात. पण ज्याने आधीच महिनोन्महिने मिश्रण लावलंय त्याचं एवढ्यावर भागत नाही हेही सांगितलं पाहिजे, त्याला गोळ्या लागतात, त्या डॉक्टरनेच द्यायच्या, आणि स्टिरॉइड थांबवल्यावर पहिले काही दिवस खाज भडकते ते आधीच माहीत हवं नाहीतर माणूस परत जुन्या ट्यूबेकडे जातो.

आणि आता गोळ्याही पूर्वीसारख्या लागू पडत नाहीत. आपल्या भागात गजकर्णाची जी बुरशी पसरलीय तिला 2020 मध्ये जपानी संशोधकांनी नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. इंडो म्हणजे आपणच. तिच्यातल्या बऱ्याच वाणांवर टर्बिनाफिन चालत नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिच्या पहिल्या दोन केसेस नोंदवल्या गेल्या तेव्हा तिथे बातमी झाली. ही बुरशी अशी का झाली ह्याची कारणं एकापेक्षा जास्त असतील, पण त्वचेचे डॉक्टर जी कारणं सांगतात त्यात हे मिश्रण मलम कायम येतं, अर्धवट लावलेलं अँटिफंगल आणि वर स्टिरॉइडचं पांघरूण. मग हा प्रश्न एकट्या त्या मुलाच्या जांघेचा राहत नाही, त्याच्या खोलीतल्या पाच जणांचा होतो, एका दोरीवर टॉवेल वाळत घालणाऱ्यांचा.

लेबल वाचण्याची एक मर्यादा मात्र आहे. ट्यूब सांगते आत काय आहे, तुमच्या अंगावर काय आहे ते सांगत नाही. गोल लाल चट्टा दरवेळी गजकर्ण नसतो, सोरायसिस असू शकतो, एक्झिमा असू शकतो, आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही, कुष्ठरोगाचा बधिर चट्टा असू शकतो. चट्ट्यावर स्पर्श कमी कळत असेल तर कुठलंच मलम नको, सरळ सरकारी दवाखाना. बुरशी आहे की नाही ते कळायला कातडी थोडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, साधी तपासणी आहे. मिश्रण मलम विकलं जातं ते हीच पायरी चुकवण्यासाठी.

एक सवय मात्र आजच लावून घ्या, ट्यूब घेतल्या घेतल्या तिच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. खोकं आपण पहिल्या दिवशी फेकतो, बॅच आणि एक्सपायरी शेवटच्या दुमडलेल्या पट्टीवर ठोकलेली असते, आणि मलम संपत आलं की आपण ट्यूब तिथूनच गुंडाळत येतो, रंग निघतो, नाव जातं. डॉक्टरकडे गेल्यावर "काय लावलंत" विचारलं की लोक म्हणतात पांढरं मलम होतं. तो फोटो दाखवला तर डॉक्टरला अर्धं निदान तिथेच होतं.

तो मुलगा मी सांगितल्यावर सांगलीला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेला, तीन महिने गोळ्या आणि साधं मलम चाललं, चट्टे गेले. रेघा आहेत. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न आहे, पत्रिका द्यायला आला होता तेव्हा त्याने हळूच विचारलं, ताई, त्या रेघांना काही ट्यूब येत नाही का? नाही येत, असं सांगावं लागलं.

त्यानंतर मी एक काळा मार्कर आणि पांढऱ्या चिकटपट्टीचा रोल काउंटरवर ठेवलाय. चिठ्ठी असलेली स्टिरॉइडची कुठलीही ट्यूब द्यायची झाली की खोक्यावर नाही, ट्यूबवरच, पुढच्या बाजूला पट्टी लावते आणि लिहिते: स्टिरॉइड. खाली ताकद, आणि किती दिवस. औषध कंपनीचा एमआर आला की नाराज होतो, ब्रँडचं नाव झाकलं जातं म्हणतो. पहिल्या आठवड्यात एका काकूंनी पट्टी वाचली, ट्यूब हातात फिरवली आणि म्हणाल्या, अगं, ही तर मी नातवाला लावतेय दिवाळीपासून.

त्यांना मी स्टूल दिलं बसायला, आणि आधी विचारलं, कुठे लावताय, दाखवा.